मदत हवी आहे: एकाच वर्गात व्हॉलीबॉलचे तीन स्तर

नमस्कार. मी शारीरिक शिक्षण शिकवते. सातवीच्या वर्गात 40 मुलं आहेत. काही क्लबमध्ये खेळतात, तर काहींना चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची सवय आहे. सध्या अंडरहँड पास चालू आहे.

मी चार स्टेशन लावली आणि प्रत्येक ठिकाणी स्टेप चौकटीतली, म्हणजे जागा, कृती, साहित्य आणि साथीदार यांतली, एकच गोष्ट बदलते. दोन एकदम बदलल्या की फरक कशाने पडला ते कळत नाही. एक मुलगी सतत हात झटकून चेंडू मारायची. अंतर कमी केलं, काही झालं नाही. मग अंतर पूर्ववत करून हलका, मोठा चेंडू दिला. तो सावकाश खाली येतो, त्यामुळे तिला पाय हलवून चेंडूखाली जायला वेळ मिळाला, आणि हात आपोआप स्थिर झाले. दहापैकी सात पास साथीदाराकडे गेले. फार बरं वाटलं!

अडचण पुढेच आहे. हलक्या चेंडूचं स्टेशन 'कच्च्यांचं' आहे, हे मुलांनी दोन तासांत ओळखलं. ती मुलगी आता तिथे जायलाच तयार नाही आणि नेहमीच्या चेंडूवर पुन्हा हात झटकते. सगळ्यांना सगळीकडे फिरवलं, तर क्लबची मुलं तिथे कंटाळून स्मॅश मारत सुटतात.

प्रत्येक स्टेशनवर दोन्ही चेंडू ठेवून निवड मुलांवर सोडली, तर जमेल का? कुणी केलंय? लाजेपोटी अवघड चेंडू उचलणाऱ्यांचं काय करता?