झोपेसाठी मॅग्नेशियम आणि व्हॅलेरियन: गुण येतो की नुसता खर्च?

रातराणी: आई ६४ वर्षांची. अंथरुणावर पडल्यावर तासभर झोप लागत नाही. सकाळी थायरॉइडची गोळी घेते. दुकानातून मॅग्नेशियम ग्लायसिनेट ५०० मिग्रॅ आणलंय, आणि कोणी व्हॅलेरियन नावाची मुळीही सुचवतंय. खरंच उपयोग होतो का?

कोकणकडा: द्याच. इराणमध्ये ४६ वृद्धांना ८ आठवडे रोज ५०० मिग्रॅ दिलं, झोप सुधारली. क्षारच तर आहे, अपाय कसला?

खलबत्ता: चाचणी खरी आहे, पण त्यातले ५०० म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम. डब्यावरचे ५०० बहुतेक वेळा अख्ख्या संयुगाचं वजन असतं. ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम साधारण १४ टक्के, म्हणजे गोळीत जेमतेम ७० मिग्रॅ. म्हणून सात गोळ्या देऊ नका. अमेरिकेत पूरक गोळ्यांतून दिवसाला ३५० मिग्रॅच्या वर जाऊ नये असं मानतात, कारण पुढे जुलाब सुरू होतात. अपायाचं म्हणाल, तर जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती कमजोर असतील तर ते रक्तात साठतं. या वयात आधी मूत्रपिंडांसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. थायरॉइडच्या गोळीपासून ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही.

भरती_ओहोटी: माझ्या पायात रात्री गोळे यायचे, मॅग्नेशियमने थांबले. त्यांनाही गुण येईल.

खलबत्ता: दादा, प्रश्न झोप लागण्याचा आहे. आणि वयस्कांच्या पायात येणाऱ्या गोळ्यांवरही चाचण्यांत फारसा फायदा दिसलेला नाही. ते आपोआपही कमी होतात.

कोकणकडा: मग झोपेवर आकडा काय?

खलबत्ता: २०२१ च्या आढाव्यात ३ चाचण्या, १५१ वृद्ध. झोप सरासरी १७ मिनिटं लवकर लागली. एकूण झोप वाढल्याचं ठामपणे दिसलं नाही, आणि पुरावा कमी दर्जाचा असं आढावा लिहिणारेच म्हणतात.

कोकणकडा: तासभर तळमळणाऱ्याला १७ मिनिटं थोडी नाहीत!

खलबत्ता: थोडी नाहीत, पण आईंना तेवढीच मिळतील याची खात्री कुठे आहे?

पानवेल: व्हॅलेरियन म्हणजे आपली तगरच ना? स्वस्तात मिळते.

खलबत्ता: जवळची, पण वेगळी जात. चाचण्या मुख्यतः युरोपातल्या जातीवर झाल्या. आणि दारातली पांढऱ्या फुलांची तगर तर या कुळातलीच नाही, तिची मुळी उकळू नका. २००६ च्या आढाव्यात १६ चाचण्या होत्या. बरी झोप लागली असं लोकांनी सांगितलं, पण गुण न आलेल्या चाचण्या छापल्याच गेल्या नसाव्यात अशी दाट शंका राहिली. शिवाय मुळीला इतका उग्र वास, की चाचणीत खरी गोळी कोणती आणि नुसती दिखाऊ कोणती ते घेणाऱ्याला कळतं.

पानवेल: पण युरोपची औषध संस्था मान्यता देते.

खलबत्ता: देते: ४०० ते ६०० मिग्रॅ सुका अर्क, झोपण्याआधी अर्धा ते एक तास, आणि गुण यायला २ ते ४ आठवडे. अमेरिकेच्या निद्रातज्ज्ञांनी मात्र २०१७ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी वापरू नका असं सुचवलं. मी त्यांच्या बाजूने आहे.

रातराणी: डबा पाहिला. निव्वळ मॅग्नेशियम किती ते कुठेच लिहिलेलं नाही.

खलबत्ता: मग तो परत करा. नवा घेताना तो आकडा छापलेलाच घ्या. ५०० मिग्रॅ ग्लायसिनेटमध्ये १५० मिळतं असं लिहिलं असेल, तर स्वस्त ऑक्साइड मिसळलेलं असू शकतं.