मदत हवी आहे: 14 दिवसांची ऑर्डर शीटमध्ये '1 दिवस' दिसते

डिस्पॅच_कुडाळ
कुडाळजवळ आमचं कोकम सरबत, आमरस, फणसपोळीचं युनिट आहे. ऑपरेशन्स माझ्याकडे. रोज सकाळी शीट उघडून कुठली ऑर्डर किती दिवस रखडली ते बघते. 3 दिवसांना पिवळी, 5 ला लाल. काल नाशिकहून एका ताईंचा फोन आला, "बारसं होऊन गेलं, सरबत अजून नाही." शोधलं तर ऑर्डर 4 ऑगस्टची, 6 ला कुरिअरने उचललेली, 8 पासून कोल्हापूरच्या हबमध्ये पडून. आज 18. शीटमध्ये रंगच नाही! फॉर्म्युला असा:

```
=TODAY()-F2
```

F मध्ये कुरिअरकडून येणारी Last Update तारीख आहे. काय चुकतंय?

काजूवाला_वेंगुर्ला
आमच्याकडे 30-60-90 दिवसांचं एजिंग आहे. 60 झाले की व्यापाऱ्याला माल बंद.

डिस्पॅच_कुडाळ
दादा, उधारी नव्हे, माल अडकलाय.

सडेतोड
F च्या जागी ऑर्डरची तारीख घाला. संपला विषय.

गोदाम_रत्नागिरी
त्याने गिऱ्हाईक किती दिवस थांबलंय ते कळेल, पण माल कुठे अडला ते नाही. शिवाय "गणपतीनंतर पाठवा" म्हणणाऱ्यांच्या ऑर्डरीही उगाच लाल होतील.

ताई, पडून असलेल्या मालाचंही हबमध्ये पुन्हा पुन्हा स्कॅन होतं. पार्सल जागचं हलत नाही, तारीख मात्र पुढे सरकते आणि तुमचं वय परत शून्यावर येतं. 'जागा बदलल्याची तारीख' असा वेगळा कॉलम करा. कालच्या आणि आजच्या नोंदीत हब वेगळं असेल तरच ती बदलायची. तुमच्या पार्सलला तिथे 8 ऑगस्ट राहील, म्हणजे 10 दिवस. ऑर्डरचं वय 14 शेजारी ठेवा. रंग 10 वरून द्या, आधी फोन कोणासाठी लावायचा ते 14 वरून ठरवा.

एक खाच आहे. डिलिव्हरीला निघून त्याच हबला परत आलेलं पार्सल 'हललं' धरू नका. आम्ही तिथेच फसलो होतो, रोज गाडीत चढायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

डिस्पॅच_कुडाळ
दुपारभर बसून 40 पार्सलं हाताने तपासली. सहा लाल निघाली, त्यातल्या तिघांचा पिनकोडच चुकलेला! नाशिकच्या ताईंना दुसरा बॉक्स आजच पाठवला. खूप आभार.

आता एकच अडचण. सरबत गेलं, पण फणसपोळी शिल्लक नाही म्हणून राहिली, अशी ऑर्डर सिस्टीममध्ये 'Shipped' होते आणि यादीतून गायब. तिचं वय कसं धरता?

गोदाम_रत्नागिरी
आम्ही ऑर्डरऐवजी प्रत्येक वस्तूचं वय मोजतो, तारीख मूळ ऑर्डरचीच.

सडेतोड
मग यादी दुप्पट होईल, लाल ओळी कोण वाचणार? राहिलेल्या मालाची नवी ऑर्डर करा.

डिस्पॅच_कुडाळ
नवी ऑर्डर केली की तारीखही नवी, म्हणजे गिऱ्हाइकाचे आधीचे दिवस पुसले जाणार. ते मला पटत नाही. आणखी कोणी काही वेगळं करतं का?