[मंडळ-यादी] वारस नोंदीचं पान: कीवर्ड टूलमध्ये आकडा शून्य, मग लिहायचं का?

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

गावाकडच्या जमिनीच्या कागदपत्रांवर वेबसाइटसाठी मराठीत काही पानं तयार करायचं आपण ठरवलं होतं. पहिलं पान वारस नोंदीचं. लिहायला घेण्याआधी लोक नेमकं काय शोधतात ते बघावं म्हणून गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये मराठी भाषा आणि भारत निवडून मी "सातबाऱ्यावर वारसांची नोंद करण्याची प्रक्रिया", "वडिलोपार्जित जमीन वारस नोंदणी" असे बरेच शब्दप्रयोग टाकले. आकड्याच्या जागी नुसती रेघ. एका पेड टूलमध्ये सरळ शून्य.

कार्यकारिणीत सूर असा निघाला की कोणी शोधतच नसेल तर कशाला लिहायचं. मला हे पटत नाही, पण माझ्या हातात दाखवायला काही नाही. यातल्या जाणकारांनी मार्ग सुचवावा.

मेधा

———

प्रेषक: आदित्य

मेधाताई,

टूलचं सोडून द्या. गूगलच्या चौकटीत "वारस नोंद" टाइप करा, खाली सूचना येतात त्या उतरवून घ्या. सगळ्यात वरची सूचना म्हणजे सगळ्यात जास्त शोधली जाणारी. तोच क्रम ठेवून उपशीर्षकं करा, पान तयार. प्रश्न हवे असतील तर आधी "कसे", "का", "कधी" टाकून बघा, इंग्रजीत हाऊ-व्हाय टाकतात तसं. मी आत्ता "कसे वारस नोंद" टाकून पाहिलं, काहीच आलं नाही. तेव्हा प्रश्न विचारणारे फारसे नसावेत, फक्त फॉर्म हवा असणारे दिसतात.

आदित्य

———

प्रेषक: नंदूकाका

मेधा, छान विषय काढलास. माझंच घे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. धाकटा भाऊ गावी असतो. तो म्हणतो वडिलांचं नाव कमी करून आपली नावं चढवायची तर सगळ्यांच्या सह्या लागतील, तू ये. आता सहीसाठी मी एवढ्या लांबून जायचं का? इथूनच कुलमुखत्यारपत्र पाठवलं तर चालेल का? आणि बहिणींची नावं लावावीच लागतात का, की त्यांनी आधी हक्कसोडपत्र द्यायचं? कोणाला माहीत असेल तर सांगा. गूगलवर मला काही सापडलं नाही.

नंदूकाका

———

प्रेषक: शर्वरी

नमस्कार,

मराठी मजकुराच्या साइटचं काम मी बरीच वर्षं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेधा, ती रेघ म्हणजे "कोणी शोधत नाही" असं नाही. टूलला मोजण्याइतकी माहिती एका विशिष्ट शब्दरचनेखाली जमली नाही, एवढाच तिचा अर्थ. मराठीत एकच शोध फार ठिकाणी फुटतो. कोणी "सातबारा" लिहितं, कोणी "7/12", कोणी "७/१२", कोणी "satbara". "नोंद" आणि "नोंदणी" वेगळे. "सातबाऱ्यावर" यातला अर्धा र तर दोन प्रकारांनी टाइप होतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण संगणकाला त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा वाटू शकतात. शिवाय तू टाकलेली वाक्यं पुस्तकी आहेत. "नोंद करण्याची प्रक्रिया" असं फोनवर अंगठ्याने कोणी लिहीत नाही.

आदित्य, सूचनांकडे वळायला सांगितलंस ते अगदी योग्य. त्या बहुतांशी लोकांनी खरोखर केलेल्या शोधांतून येतात. पण वरचा क्रम म्हणजे संख्येचा क्रम असं धरू नकोस. त्यात तुझी भाषा, तू बसलायस ते ठिकाण, अलीकडे अचानक वाढलेले शोध, तुझा स्वतःचा इतिहास असं बरंच मिसळलेलं असतं. आपण परदेशात बसून बघतो तेव्हा तर हे जास्तच बिघडतं. म्हणून खाजगी विंडो उघडायची, खात्यातून बाहेर पडायचं आणि ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकायचा:

```
https://suggestqueries.google.com/complete/search?client=firefox&hl=mr&gl=in&q=वारस नोंद
```

`hl=mr` म्हणजे मराठी, `gl=in` म्हणजे भारत. उत्तरात सूचनांची साधी यादी मिळते. हा पत्ता गूगलने अधिकृतपणे जाहीर केलेला नाही, त्यामुळे हळूहळू, हाताने वापरावा. भराभर मागण्या केल्या की तो अडवतो.

आता प्रश्नांचं. "कसे" आधी टाकून काही न येणं साहजिक आहे, कारण मराठीत आपण तसं विचारत नाही. आधी वस्तू येते, मग प्रश्न. आणि प्रश्नाचं रूप वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं: नोंद कशी करावी, अर्ज कसा लिहावा, नाव कसे लावायचे. त्यामुळे "वारस नोंद" लिहून एक जागा सोडायची आणि पुढे एकेक अक्षर घालायचं. नुसतं क घालून थांबायचं नाही. क, का, कि, के, को असं बाराखडीने जायचं, कारण मात्रा लागली की यादी बदलते. मी काल हे केलं तेव्हा "अ" वर अर्ज, अर्ज नमुना आणि अर्ज pdf मिळाले. "का" वर कागदपत्रे आणि कायदा, "कि" वर किती दिवसात होते, "कशी" वर कशी करावी. म्हणजे प्रश्न विचारणारे आहेत, फक्त ते दुसऱ्या दारातून येतात.

एखादी सूचना किती वजनदार आहे याचा एक ढोबळ अंदाज घेता येतो. ती किती लवकर दिसते ते बघायचं. "वारस" एवढ्यावरच "वारस नोंद" येत असेल तर तो रुळलेला शोध. "वारस नोंद किती दि" इथवर लिहिल्याशिवाय पुढचं येत नसेल तर तो बारीक शोध. आकडा यातून मिळत नाही, पण कोणतं उपशीर्षक वर घ्यायचं ते ठरवता येतं.

एक धोका. देवनागरी हिंदीचीही आहे. "सातबारा" टाकलं की "कैसे निकाले" अशा सूचनाही मिसळून येतात. त्या बाजूला काढायच्या. कसा-कशी-कसे, म्हणजे काय, साठी, अशा खुणा असलेल्याच आपल्या धरायच्या. शेवटी "माहिती" किंवा "मराठी" जोडूनही बघावं, मराठीच उत्तर हवं असलेले लोक तसं लिहितात.

आणि नंदूकाका, तुमच्या पत्राला उत्तर देण्याआधी मेधाला सांगते की ते नीट जपून ठेव. काका म्हणतात तो शब्द बघ: "नाव कमी करून". तू टाकलेल्या वाक्यांत तो कुठेच नव्हता. "मयताचे नाव कमी करणे" असं सूचनांत टाकून बघ, तिथून वेगळीच वाट निघते.

सूचना दाखवतात ते माणसाचे पहिले दोन-तीन शब्द. त्याची अडचण त्यात नसते. परदेशातल्या वारसाची सही हा विषय मला सूचनांत कुठेच दिसला नाही, बाराखडी संपली तरी. तो चर्चेच्या धाग्यांत दिसतो. गूगलमध्ये `site:mr.quora.com वारस नोंद` किंवा `site:maayboli.com सातबारा` असं टाकून जुने धागे काढायचे. पहिला प्रश्न वाचायचाच, पण त्याहून जास्त लक्ष शेवटच्या प्रतिसादांकडे द्यायचं. धागा जुना आणि शेवटी नव्या सदस्याचं "माझाही हाच प्रश्न आहे" असेल, तर तो माणूस बहुधा शोधत शोधत तिथे पोहोचलाय आणि त्याला उत्तर मिळालेलं नाही. आपल्याला हवा असलेला पुरावा हाच. तलाठी कार्यालयाच्या कामांवरच्या यूट्यूब व्हिडिओंखालच्या कमेंटही अशाच वाचाव्यात.

मात्र धाग्यांवर अडलेलेच लोक येतात. ज्यांची नोंद सुरळीत झाली ते तिथे लिहीत नाहीत. केवळ धागे वाचून पान लिहिलं तर ते सगळं भांडणं आणि हरकतींनीच भरेल.

काका, बहिणींचं: त्या वारस असतील तर वारस म्हणून त्यांचीही नावं लागतात. हक्कसोडपत्र हा वेगळा दस्त आहे, तो नोंदणीकृत लागतो, आणि तो द्यायचा की नाही ही त्यांची मर्जी. वारस नोंदीच्या अर्जासाठी महसूल विभागाची ई-हक्क ही ऑनलाइन सोय आहे, त्यामुळे अर्ज करायला तरी तुम्हाला जावं लागू नये. कुलमुखत्यारपत्राचं मात्र वकिलालाच विचारा.

शर्वरी

———

प्रेषक: आदित्य

शर्वरीताई, बाराखडीची युक्ती करून पाहिली, खरंच निघालं. पण एक मुद्दा आहे. "varas nond" असं रोमन लिपीत टाकलं तर तिथेही भरपूर आलं, "varas nond arj" वगैरे. माझ्या वयाचे निम्मे तरी असंच टाइप करतात. मग पानाचं शीर्षक रोमन लिपीत द्यायचं का? की दोन पानं करायची, एक देवनागरी आणि एक रोमन?

———

प्रेषक: शर्वरी

दोन पानं नकोत, एकाच मजकुराची दोन पानं एकमेकांच्याच वाटेत येतात. पानाच्या पत्त्यात `varas-nond` ठेव आणि मजकूर देवनागरीत राहू दे. रोमन शोधाला गूगल देवनागरी पान दाखवतं असं मी पाहिलंय, पण नेहमी नाही, आणि कधी दाखवतं कधी नाही याचा नियम मला सापडलेला नाही. शीर्षकात रोमन घालणारे लोकही चांगले चालताना पाहिलेत. मला ते वाचायला आवडत नाही, एवढंच माझं कारण.

———

प्रेषक: मेधा

सगळ्यांचे आभार. शर्वरीताईंनी सांगितल्याप्रमाणे बसले. आराखडा असा होतोय: शीर्षक "वारस नोंद कशी करावी: अर्ज, कागदपत्रे आणि किती दिवस लागतात". पहिल्याच परिच्छेदात "मयताचे नाव कमी करून वारसांची नावे लावणे" हे शब्द. त्यानंतर अर्ज आणि कागदपत्रं, कारण त्या सूचना सगळ्यात लवकर दिसल्या. मग "किती दिवस" याच्या उत्तरात गाव नमुना ६-क मधली नोंद, फेरफार आणि हरकतीची मुदत. शेवटचा मोठा भाग धाग्यांतून: एक वारस परदेशात, बहिणींची नावं, नोंद नामंजूर झाली तर. धाग्यांवरची कोणाची वाक्यं जशीच्या तशी उचलणार नाही, फक्त अडचण घेईन.

कार्यकारिणीला आता काय दाखवू? सूचनांचे स्क्रीनशॉट आणि धाग्यांचे दुवे पुरतील का?

———

प्रेषक: शर्वरी

तेवढं आत्ता पुरे. पान लागल्यावर गूगलचं सर्च कन्सोल जोडून घे आणि तीनेक महिन्यांनी त्या एका पानाचे शोधशब्द बघ. तिथे "दिसलं पण क्लिक नाही" अशा ओळींत नवे शब्द सापडतील, ते पानात घाल. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी त्या यादीत दाखवत नाही. त्यामुळे ओळींची बेरीज एकूण क्लिकपेक्षा कमी भरेल. कार्यकारिणीत कोणी बेरीज करून बघितली तर हे आधीच सांगून ठेव.

———

प्रेषक: नंदूकाका

ई-हक्कचं भावाला कळवलं. तो म्हणतो त्याने यूट्यूबवर "वडिलांच्या नावची जमीन आपल्या नावावर" असं टाकून व्हिडिओ पाहिला होता, वारस नोंद हा शब्द त्याच्या डोक्यातच आला नाही. मेधा, हेही घे.