शब्दचर्चा: ‘दार किंवा खिडकी किंवा धूर’, यातलं ‘असताना’ कुठवर पोचतं?

रानवारा:
भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या वर्गाच्या प्रश्नसंचाचं मराठीकरण माझ्या गळ्यात पडलंय. एक वाक्य मी असं केलं:

‘अलार्म सज्ज असताना दार किंवा खिडकी उघडल्यास किंवा धूर आढळल्यास भोंगा वाजावा. सत्यता सारणी करून बूलियन सूत्र लिहा.’

तीन मुलांनी तीन सूत्रं आणली, आणि तिघंही म्हणतात, वाक्यात हेच लिहिलंय.

```
F = A(D + W + S)
F = A(D + W) + S
F = AD + W + S
```

A म्हणजे सज्ज, D दार उघडं, W खिडकी उघडी, S धूर, आणि F भोंगा. मला गणित विचारायचं नाही. माझं मराठी चुकलंय का, एवढंच सांगा.

कोकणमेवा:
‘अलार्म’ कशाला? ‘गजर’ म्हणा की. आमच्याकडे पहाटे पाचचा गजर लावतात, त्यालाही अलार्मच म्हणतात.

रानवारा:
अहो, शब्द अलार्म की गजर हा प्रश्नच नाही. शिवाय गजर म्हटलं तर पोरं घड्याळ काढतील. वाक्याच्या जोडणीबद्दल विचारतेय.

जुना_मास्तर:
ताई, मराठी चुकलेलं नाही, तोकडं पडलंय. तिन्ही वाचनं मराठीत बसतात. खरं तर भाषेच्या अंगाने पहिलंच सगळ्यात सरळ आहे. आपल्याकडे ‘असताना’ वाक्याच्या सुरुवातीला आलं की शेवटच्या क्रियापदापर्यंत सगळ्यावर पसरतं. ‘पाऊस असताना छत्री किंवा रेनकोट घ्यावा किंवा घरी बसावं’ यात घरी बसणंसुद्धा पावसातलंच.

फरक कुठे पडतो ते सारणीत पाहा. चार गोष्टी, म्हणून १६ ओळी. पहिल्या सूत्राने ७ ओळींत भोंगा वाजतो, दुसऱ्याने ११, तिसऱ्याने १३. पहिल्या दोघांतला फरक फक्त चार ओळींचा आहे, पण त्या चार कोणत्या ते बघा. A शून्य आणि S एक, दार-खिडकी कशीही. म्हणजे अलार्म सज्ज केलेला नाही आणि घरात धूर आहे. अलार्म सज्ज कधी नसतो? घरात माणसं असतात तेव्हा! पहिल्या सूत्राचा भोंगा माणसं घरात झोपलेली असताना गप्प बसेल आणि घर रिकामं असेल तेव्हा शेजाऱ्यांना उठवेल.

तिसरं सूत्र उलट बाजूने फसतं. त्यात खिडकीला सज्ज असण्याची अटच नाही. दुपारी वाऱ्यासाठी खिडकी उघडली की भोंगा.

चिंचबोर:
मास्तर, मूळ घोळ ‘किंवा’चा आहे. मराठीत किंवा म्हणजे दोन्हींतलं एकच. ‘चहा किंवा कॉफी मिळेल’ म्हटल्यावर दोन्ही कोण मागतं? तेव्हा दार आणि खिडकी यांच्यामध्ये अधिकचं चिन्ह नको, एक्सऑर हवा. मग सूत्र असं येईल:

```
F = A(D ⊕ W) + S
```

जुना_मास्तर:
चहाचं उदाहरण बरोबर, निष्कर्ष नाही. तुमच्या सूत्रात A=1, D=1, W=1, S=0 ही ओळ काढा. एक चोर दारातून आला, दुसरा खिडकीतून, आणि भोंगा शांत. एकट्या चोराला पकडायचं आणि जोडीला सोडायचं, असा अलार्म कोण विकत घेईल?

खरं ‘एकच’ हवं असेल तर मराठीत त्यासाठी ‘की’ आहे. ‘चहा की कॉफी?’ यात निवड करावीच लागते. ‘किंवा’ बऱ्याचदा दोन्हींना मुभा देतं. ‘आधार कार्ड किंवा पॅन कार्ड आणावे’ अशी पाटी असेल आणि तुम्ही दोन्ही नेलीत, तर खिडकीवरचा माणूस परत पाठवत नाही.

तुमचा समज जुना आहे, एवढं मात्र मान्य. खुद्द जॉर्ज बूलच्या १८५४च्या पुस्तकात अधिकचं चिन्ह ज्या गटांत सामायिक काहीच नाही अशाच गटांमध्ये वापरायचं होतं. पुढे जेव्हन्सने १८६४ मध्ये ‘दोन्ही असले तरी चालेल’ असा अर्थ घेतला आणि आज वर्गात तोच शिकवतात.

चिंचबोर:
म्हणजे बूल माझ्या बाजूने!

जुना_मास्तर:
अर्धा. त्याला दोन्ही एकदम आलेली चालायची नाहीत, म्हणून तो आधीच अट घालून घ्यायचा. अलार्मवाल्याला चोरांवर तशी अट घालता येत नाही.

वायरमन_साताऱ्याचा:
मी घरं-दुकानांत अलार्म बसवतो. सूत्रं मला फार येत नाहीत, पण तुमच्या चर्चेत एक गोष्ट कुणीच विचारली नाही. D म्हणजे ‘दार उघडं’ हे ठरवलं कुणी? आमच्या दारावर चुंबक आणि चौकटीवर रीड स्विच असतो. दार बंद असतं तेव्हा चुंबक जवळ येतं आणि तार जोडली जाते. मी माझ्या जुन्या बोर्डावर पिन INPUT_PULLUP ठेवली होती, दुसरी तार ग्राउंडला. दार बंद तर पिनवर 0, उघडं तर 1. पोरगा शिकायला आलेला, त्याने ‘तार जोडली म्हणजे 1’ धरून प्रोग्रॅम केला. दार बंद असेपर्यंत भोंगा कोकलत होता, उघडलं की गप्प. मालक म्हणाले, आमच्याकडे चोराला सलामी देणारा अलार्म आहे.

आणि तार तुटली तरी पिन 1च वाचते, म्हणजे दार उघडल्यासारखंच. हे मुद्दाम तसं ठेवतात, तार कापून कुणी आत येऊ नये म्हणून.

आमच्यातच एक भांडण आहे. ‘नॉर्मली क्लोज्ड’ म्हणजे काय? रीड स्विच बनवणारा म्हणतो, चुंबक नसताना जोडलेला. अलार्मवाला म्हणतो, दार बंद असताना जोडलेला. चुंबक तर दार बंद असताना जवळ असतं! म्हणजे एकाच पाकिटावर दोघं उलट शब्द वापरतात. त्यामुळे मी नाव वाचत नाही, मीटर लावून बघतो.

जुना_मास्तर:
साताऱ्याच्या दादांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. सारणीच्या आधी प्रत्येक अक्षराखाली पूर्ण वाक्य लिहायला लावतो मी, ‘D = १ म्हणजे दार उघडं आहे’. नुसतं ‘D = दार’ लिहिलं की अर्धा वर्ग एक बाजू धरतो, अर्धा दुसरी. शॅननच्या १९३७च्या प्रबंधात तर ० म्हणजे जोडलेलं सर्किट आणि १ म्हणजे तुटलेलं, शिवाय अधिकचं चिन्ह म्हणजे स्विच एकामागे एक जोडणं. आजच्या पोराला ते पान दाखवलं तर सगळं उलटं वाटेल. चूक कुणाचीच नाही, पण वाक्य लिहून ठेवावं लागतं.

रानवारा:
बरं, सारणी भरायला कुठून सुरुवात करायची? भाचा १६ ओळी लिहून ११ पदं मांडतो आणि मग तास घालवतो.

जुना_मास्तर:
उलट प्रश्न विचारायला सांगा: भोंगा कधी वाजू नये? दुसरं सूत्र धरलं तर अशा पाचच ओळी आहेत. धूर नाही आणि अलार्म सज्जही नाही, या चार. धूर नाही, सज्ज आहे, पण दार-खिडकी दोन्ही बंद, ही पाचवी. आखूड सारणी अशी (x म्हणजे काहीही):

```
A S D W | F
0 0 x x | 0
0 1 x x | 1
1 0 0 0 | 0
1 0 0 1 | 1
1 0 1 0 | 1
1 0 1 1 | 1
1 1 x x | 1
```

शून्याच्या ओळी एकत्र लिहायच्या आणि मग पूर्ण उलटवायचं:

```
F' = S'(A' + D'W')
F  = S + A(D + W)
```

उलटवताना गुणिले आणि अधिक यांची अदलाबदल होते, तिथेच पोरं घसरतात. ‘दार-खिडकी दोन्ही बंद’ हे उलटवून ‘दोन्ही उघडी’ लिहितात. हवं असतं ‘निदान एक उघडं’. इथेही मराठी पाय ओढते. ‘दार आणि खिडकी दोन्ही बंद नसतील तर’ याचा अर्थ एखादं उघडं असाही होतो आणि दोन्ही उघडी असाही. असं वाक्य प्रश्नात घालू नका.

चिंचबोर:
मग ‘आणि’सुद्धा काही भरवशाचं नाही. ‘दाराला आणि खिडकीला सेन्सर लावलाय’ म्हणतो आपण, तिथे सूत्रात मात्र अधिक येतं.

जुना_मास्तर:
हे मात्र लाख बोललात. ते ‘आणि’ सेन्सर किती बसवले ते सांगतं. भोंग्याची अट त्यात नाहीच, पण पोरं शब्द पाहून गुणाकार ठोकतात.

रानवारा:
वाक्य असं फोडलं:

‘धूर आढळल्यास भोंगा नेहमी वाजावा. याखेरीज, अलार्म सज्ज असेल आणि दार किंवा खिडकी यांपैकी किमान एक उघडी असेल तरीही वाजावा. इतर वेळी वाजू नये.’

‘इतर वेळी’ मुद्दाम घातलंय. नुसत्या ‘तर वाजावा’ने बाकीच्या ओळींचं काय ते कळत नव्हतं.

चिंचबोर:
‘दार किंवा खिडकी उघडी’? लिंग बघा. आणि ‘याखेरीज’ म्हणजे ‘याशिवायही’ की ‘धूर नसेल तेव्हाच’? दोन अर्थ आहेत ताई.

वायरमन_साताऱ्याचा:
धूर पण आणि चोर पण आला तर? पहिलं वाक्य वाजवणारच की.

जुना_मास्तर:
बरोबर. दोन्ही अर्थ सूत्रात मांडून बघा:

```
S + A(D + W)
S + S'A(D + W)
```

१६ ओळी भरा, दोन्ही सारख्या येतात. धूर असला की उजवीकडचं पद काहीही असो, भोंगा वाजणारच आहे.

चिंचबोर:
सारणी सारखी आली म्हणून शब्दाचा अर्थ एकच होतो, हे मला मान्य नाही.

रानवारा:
लिंग दुरुस्त केलं, ‘किमान एक उघडे असेल’ केलं. ‘याखेरीज’ तसंच ठेवतेय.