सायलीच्या कपाटाचा फोटो आणि इस्त्रीवाल्याचे वार

सायली: हा फोटो बघा आणि हसू नका. कपाट उघडलं की अंगावर येतंय आणि तरी रोज सकाळी घालायला काही नाही. मला कॅप्सूल वॉर्डरोब करायचाय, मोजकेच कपडे ठेवायचे आणि सगळे एकमेकांवर चालले पाहिजेत. मावशी मदत कर ना

निनाददादा: खालच्या कप्प्यात कोणी माणूस तर अडकलं नाहीये ना

आई: मागच्या महिन्यातच आवरून दिलं होतं मी 😐

वर्षामावशी: अगं आवरणं वेगळं आणि हे वेगळं. फोटो झूम करून बघितला. एकेका हँगरवर तीन तीन कुर्ते लटकवलेत, त्यातला वरचाच काय तो तू घालत असणार. आणि घड्यांच्या तर नुसत्या कडा दिसतायत, त्यावरून काही सांगता येत नाही. सगळं पलंगावर काढ, एकीकडे वरचे, एकीकडे खालचे, आणि दिवसा फोटो काढ खिडकीपाशी. ट्यूबलाइटमधे नेव्ही ब्लू काळा दिसतो.

सायली: काढले. कुर्ते ३१. लेगिंग, पॅंट, पलाझो मिळून १७. ओढण्या मोजल्या नाहीत रडू येईल

वर्षामावशी: खालच्यांचा फोटो नीट बघितला. तुझी अडचण ३१ कुर्त्यांची नाहीच. १७ पैकी राणी, पोपटी, केशरी, मोरपंखी अशी ८ लेगिंग्ज आहेत, प्रत्येकीचा एकच कुर्ता. सेट घेतेस ना दुकानातून, त्याचं हे. लेगिंग धुवायला गेली की कुर्ता बसून, कुर्ता इस्त्रीला गेला की लेगिंग बसून. वीस वर्षं शिवणाचं दुकान चालवतेय, गिऱ्हाइकाचं कपाट नेहमी खालच्या कपड्यांनी अडतं.

सायली: मग किती ठेवू? नेटवर ३३ आकडा आहे, ३३ वस्तूंवर ३ महिने काढायचे

निनाददादा: ते २०१० मधे कोर्टनी कार्व्हर म्हणून एका अमेरिकन बाईने सुरू केलंय. चपला दागिने पण त्यातच मोजतात, घरात घालायचे आणि झोपायचे कपडे नाही मोजत. आमच्या ऑफिसमधे एकीने केलं होतं

वर्षामावशी: असेल बाई, पण तिच्याकडे इस्त्रीवाला येत नसेल. सायली तुझा येतो कधी? आणि मशीन कधी लावतेस?

सायली: मंगळवार आणि शुक्रवार सकाळी येतो, एका वेळी नेतो आणि पुढच्या वेळी देतो. मशीन बुधवार आणि रविवार. ऑफिस पाचही दिवस

वर्षामावशी: हां आता हिशोब कर. पावसाळ्याचा धर, पुण्यात कॉटनला वाळायला दोन दिवस लागतातच. बुधवारी घातलेला कुर्ता रविवारी धुतला, मंगळवारी संध्याकाळी वाळला, इस्त्रीवाला तर सकाळीच येऊन गेला, म्हणजे शुक्रवारी नेणार आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी देणार. एकदा घातला की १३ दिवस गायब. सोमवारचा बुधवारी धुतला जातो म्हणून तो ११ दिवसांत हातात येतो. असं कागदावर तीन आठवडे मांडून बघितलं, ९ कुर्ते लागतात, दहाव्याची गरज पडत नाही. उन्हाळ्यात त्याच दिवशी वाळतं तेव्हा ७ मधे भागतं. तू ९ धर.

सायली: मावशी 🙏 मला वाटलं तू रंगांबद्दल सांगशील

वर्षामावशी: रंग आता. आधी खालचे चारच ठरव. तुझ्याकडचेच घे, नवीन काही आणायचं नाही. ऑफव्हाइट स्ट्रेट पॅंट, नेव्ही पॅंट, काळी लेगिंग, जीन्स. आता एकेक कुर्ता हातात घे आणि चौघींवर धरून बघ. निदान दोघींवर चालला तरच आत. रंग आणि लांबी दोन्ही बघायचं हं, गुडघ्याखालचा आणि बाजूला मोठा कट असलेला कुर्ता जीन्सवर ओढलेला दिसतो.

(दीड तासाने)

सायली: मोहरी रंगाचा: नेव्ही, काळी, जीन्स, तिन्हीवर चालला. इंडिगो ब्लॉकप्रिंट: ऑफव्हाइट आणि जीन्स. मरून: ऑफव्हाइट, काळी, नेव्ही. फिकट राखाडी चिकनकारी कशावरही. असे १२ पास झाले. मोरपंखी जरीकाठाचा, सगळ्यात महाग, एकाही पॅंटवर नाही 😭

मामी: तो तर माझ्या आवडीचा आहे, भाचीने नाही घातला तर मामी घालेल

वर्षामावशी: मोरपंखी सणाचा म्हणून त्याच्या लेगिंगसकट वेगळा ठेव, तो या हिशोबात नाही. साड्याही नाहीत. १२ मधून ३ कमी करायचे तर काखेत बघ. कापड विरलेलं, पिवळा डाग किंवा शिवण ताणून सुईची भोकं दिसतायत, तो पहिला बाहेर. आणि ज्याला ओढणी लागतेच असे दोनच ठेव, नाहीतर ओढण्यांचा डोंगर परत जमेल.

सायली: दोन काखेत गेलेच होते, तिसरा ओढणीवाला काढला. उरले ९. अधिक ४ पॅंट, २ ओढण्या, एसीसाठी काळा श्रग. १६ झाले. पण चिकनकारीचं आतलं सगळं दिसतं

वर्षामावशी: त्याच्या आत पांढरी स्लिप घालतेस ना, म्हणूनच दिसतं. फिकट रंगाखाली पांढरं उठून दिसतं, अंगाच्या रंगाची घे. नवीन आणायची असेल तर ती एवढीच.

आई: आणि उरलेले २२ कुर्ते? लगेच टाकून नको देऊस हं, मागे अशीच माझी साडी दिलीस आणि महिन्याने शोधत होतीस

सायली: आई ते अकरा वर्षांपूर्वी

वर्षामावशी: ताईचं बरोबर आहे. मोरपंखी सोडून बाकीचे एका बॅगेत भर आणि पलंगाखाली सरकव, वर तारीख लिही. पावसाळा संपेपर्यंत बॅग उघडून जो कुर्ता काढावा लागेल तो परत आत घे आणि नवातला एक बाहेर. नवातलाच एखादा हात न लावता राहिला तर कळायला हँगर सगळे उलट्या बाजूने अडकव, घातलेला कुर्ता परत लावताना सरळ. उलटे राहिलेले दिसतात मग आपोआप.

मामा: आणि शेवटी बोहारणीला देऊन एक पातेलं. २१ कुर्त्यांत १ पातेलं, तेही झाकणाशिवाय

आजीने व्हॉइस मेसेज पाठवला.

निनाददादा: ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी: कॉटनचं विरलेलं काही बोहारणीला द्यायचं नाही, आजीला गोधडीत घालायला हवंय. सिंथेटिक नको, टोचतं आणि सुई नीट जात नाही

सायली: ओके आजी ❤️ काखेतले दोन्ही तुला. मावशी एक घोळ झालाय. नेव्ही पॅंट म्हणून जी धरत होते ती गॅलरीत नेली तर विटका काळा निघाला

वर्षामावशी: सांगितलं होतं ना ट्यूबलाइटचं. मग मोहरी आणि मरूनला अजून दोन जोड्या आहेतच, ते राहतील. नेव्हीवर अवलंबून असा कोणता होता?

सायली: गुलाबी रेघांचा. नेव्ही आणि ऑफव्हाइट, दोनच होत्या त्याला. म्हणजे गेला

वर्षामावशी: थांब, घालवू नको. तुझ्या १७ मधे एक गडद निळी पलाझो दिसत होती, कमरेत सैल म्हणून घालत नाहीस ती. पुढच्या रविवारी येतेयस ना सांगलीला, घेऊन ये, दोन्ही बाजूंनी आत घेते. आणि तो आकाशी कुर्ता दंडात घट्ट होतो म्हणालीस ना, तोही आण. उलटा करून बघ आधी, आत माया सोडलीय का. अर्धा इंच असली तरी उसवून देईन.

सायली: बघितलं. माया नाहीये, ओव्हरलॉक करून कापून टाकलंय

वर्षामावशी: रेडिमेडवाले मेले. मग तो मामीला.

मामी: मला दंडात होईल का तो 🙄