मदत हवी आहे: एकाच तक्त्यातून एनएनटी २५ की ३०?

धागाकर्ती: रात्रपाळी
परवा जर्नल क्लबमध्ये मला १९९४ चा 'फोर-एस' पेपर मांडायचा आहे. हृदयविकाराच्या रुग्णांना सिम्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी विरुद्ध प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. पेपरच्या सारांशात मृत्यू १२ टक्के आणि ८ टक्के दिलेत. १२ वजा ८ म्हणजे ४, म्हणून एनएनटी, म्हणजे एक मृत्यू टाळायला किती जणांना गोळी द्यावी लागते तो आकडा, १०० भागिले ४, म्हणजे २५. रिलेटिव्ह रिस्क ८ भागिले १२, म्हणजे ०.६७. पण पेपर ०.७० म्हणतो आणि सीनियर एनएनटी ३० सांगतात. माझं कुठे चुकतंय?

गणूकाका
टक्के घेतलेस तिथेच. ते आधीच पूर्णांकात गोल केलेले आहेत. मूळ डोकी घे: सिम्वास्टॅटिनवर २२२१ पैकी १८२ मृत्यू, प्लासिबोवर २२२३ पैकी २५६. खाली RR म्हणजे रिलेटिव्ह रिस्क, ARR म्हणजे दोन जोखमींची वजाबाकी, आणि NNT म्हणजे १ भागिले ARR.

```
182/2221 = 0.0819
256/2223 = 0.1152
RR  = 0.71
ARR = 0.0332
NNT = 30.1
```

वजाबाकीत उरतं थोडंसंच, त्यामुळे गोल करताना झालेली अर्ध्या टक्क्याची चूकही तिथे मोठी होते.

बिनधास्त
एनएनटी नेहमी वरच्या पूर्णांकात घ्यायचा असतो. उत्तर ३१. सीनियरही चुकले.

रात्रपाळी
पण मग ०.७१ आलं, ०.७० का नाही?

गणूकाका
पेपरवाल्यांनी कोण कधी गेलं, तो काळही हिशेबात धरलाय. आपण फक्त शेवटची बेरीज भागतोय. एवढा फरक राहणारच. बिनधास्त, वर न्यायची पद्धत आहे खरी, पण ३० की ३१ यावर भांडण्यात अर्थ नाही. याच आकड्यांवरून ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, काढलास तर एनएनटी साधारण २० ते ६४ येतो.

शांताबाई
माझ्या मिस्टरांना ही गोळी चालू आहे, म्हणून विचारते. म्हणजे ३० जणांतल्या २९ जणांची गोळी फुकटच ना?

गणूकाका
तसं नाही, ताई. हा हिशेब फक्त मृत्यूचा आहे. गोळीमुळे ज्यांचा झटका टळला पण जे तसेही जगलेच असते, ते यात दिसतच नाहीत. शिवाय ही माणसं आधीच झटका आलेली किंवा अंजायना असलेली होती, आणि त्यांना साधारण ५.४ वर्षं पाहिलं. मिस्टरांना झटका आलेला नसेल तर त्यांची मूळ जोखीम कमी, म्हणून हा ३० त्यांना लावू नका. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

बिनधास्त
मग वर्षाचा एनएनटी हवा तर ३० गुणिले ५.४, म्हणजे १६२. सोपं आहे.

गणूकाका
त्यासाठी फायदा दरवर्षी सारखाच मिळायला हवा. पेपरमधले दोन आलेख बघ, पहिलं वर्षभर तर ते एकमेकांना चिकटूनच आहेत.

रात्रपाळी
मग स्लाइडवर '५.४ वर्षांत ३०' लिहिते, खाली २० ते ६४. सीनियरनी ३१ का नाही विचारलं तर बिनधास्तला पुढे करते.

बिनधास्त
खुशाल कर. मी ३१ वरच आहे.