मदत हवी आहे: फिलेट वेल्डच्या चिन्हाचा त्रिकोण वर की खाली?

राम राम मंडळी. वाळूजला छोट्या शॉपमध्ये ड्राफ्टिंग करतो. पंपाच्या बेस फ्रेमवर गसेटचा फिलेट बाणाच्या बाजूला हवा होता, म्हणून सवयीने, म्हणजे अमेरिकन पद्धतीने, त्रिकोण रेघेखाली काढला. पण टेम्प्लेट आयएसओ 2553 चं, खाली तुटक रेघ असलेलं. तिच्यावरचा त्रिकोण म्हणजे पलीकडची बाजू! वेल्डरने तिकडूनच मारला, त्याची काय चूक? आता त्रिकोण सलग रेघेवर घेतो. पण नुसता 6 न लिहिता z6 लिहू की a4? 6 च्या पायाला गळा 0.7 पटीने 4.2 येतो.

दुसरं, मोटर पॅडला Ra 3.2 दिलं होतं. शॉपमधल्यांनी आधी मशीनिंग केलं, मग वेल्डिंग, पॅड वाकला. ‘वेल्डिंगनंतर मशीनिंग’ हे फिनिशच्या चिन्हावरच लिहिता का वेगळ्या नोटमध्ये? आणि मशीनिंगसाठी ठेवायचं 3 मिमी मार्जिन कुठं दाखवता?